शेकडा वीस, पण कोणत्या शंभरावर? : खानापुरातील एका भांड्यांच्या दुकानाचा हिशेब

बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतील लहान दुकानदारांच्या वह्या लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. त्यांपैकी एका दुकानाचे प्रकरण येथे मांडतो. दुकान खानापुरातील, म्हणजे बेळगावपासून साधारण 26 किलोमीटरवरचे. चालवणारा तरुण तिशीतला. आधी तो उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला होता आणि साठवलेले पैसे व थोडे कर्ज यांतून त्याने अक्षय तृतीयेला स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या भांड्यांचे दुकान मांडले. त्याचे नाव देण्याचे कारण नाही. आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात आणले आहेत, मात्र त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बदललेले नाही.

दुकान उघडल्यानंतर दहा महिन्यांनी तो दोन वह्या आणि एक तक्रार घेऊन माझ्याकडे आला. विक्री वाईट नव्हती. सरासरी महिन्याला 3,00,000 रुपयांचा गल्ला होत होता, ग्राहकांना उधारी तो देत नव्हता, आणि तरीही बेळगावच्या घाऊक व्यापाऱ्यांचे त्याच्याकडे 80,000 रुपये थकले होते. सुरुवातीचा सगळा माल त्याने रोखीने घेतलेला असल्यामुळे हे देणे कुठून उगवले, हे त्याला समजत नव्हते. त्याहून जास्त त्याला खात होती ती दुसरी गोष्ट. मालाची मोजदाद केली तेव्हा वहीप्रमाणे जितका माल शिल्लक असायला हवा होता, त्यापेक्षा 1,28,000 रुपयांचा माल कमी भरला होता.

“काका, दुकानात चोरी होते आहे,” असे तो म्हणाला आणि थोडे थांबून त्याने दुकानातील पोराचा विषय काढला.

हा पोरगा जवळच्या खेड्यातला. आहेराच्या भांड्यांवर यंत्राने नावे घालण्याचे काम तो करतो, मराठीतही आणि कानडीतही, आणि या भागात लग्नसराईत ते दोन्ही लागते. दुकानात मालकाखेरीज माणूस तोच एक असल्याने संशय जायला दुसरी जागा नव्हती. मी त्याला एवढेच सांगितले की, दोन्ही वह्या माझ्याकडे आठ दिवस ठेव आणि तोवर कोणालाही काही बोलू नकोस.

त्याच्या हिशेबाची रीत पाहिली तर ती वरवर शिस्तीची होती, आणि अनेक नव्या दुकानदारांकडे एवढीही शिस्त नसते. खरेदीच्या बिलाखालची करासह रक्कम तो मालाची किंमत म्हणून धरत होता. वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असल्याने त्याने जीएसटीची नोंदणी केलेली नव्हती, त्यामुळे खरेदीवर भरलेला कर त्याला परत मिळणारा नव्हता आणि तो किमतीत धरणे बरोबरच होते. त्या किमतीवर तो सरसकट 20 टक्के चढवून विक्रीचा भाव ठरवत होता. 360 रुपयांना पडलेले पातेले 432 ला, 100 ला पडलेला डबा 120 ला. रोज रात्री गल्ला मोजून झाला की त्यातील 20 टक्के रक्कम तो नफा म्हणून वेगळ्या खात्यात टाकत होता आणि उरलेले 80 टक्के मालाच्या खात्यात ठेवत होता. नफ्याच्या खात्यातून दुकानाचा आणि घराचा खर्च भागवायचा आणि मालाच्या खात्यातून पुढची खरेदी करायची, असा त्याचा नेम होता.

या नेमाप्रमाणे महिन्याला 60,000 रुपये नफ्याच्या खात्यात येत आणि तेवढेच खर्च होत. भाडे 12,000, पोराचा पगार 11,000, वीज व फोन 3,000, टेंपो व हमाली 4,000, कर्जाचे व्याज 6,000 आणि घरासाठी उचल 24,000. एकही रुपया नफ्याच्या बाहेरून घेतलेला नाही, असे त्याने मला दोनदा सांगितले आणि त्याच्या वहीप्रमाणे ते खरेही होते.

चूक शोधण्यासाठी फार खोल जावे लागले नाही. मी त्याला 100 रुपयांच्या त्या एका डब्याचा प्रवास पुन्हा सांगायला लावला. डबा 100 ला घेतला, 120 ला विकला. रात्री 120 चे 20 टक्के म्हणजे 24 रुपये नफ्याच्या खात्यात गेले आणि 96 रुपये मालाच्या खात्यात राहिले. दुसऱ्या दिवशी तसाच डबा पुन्हा आणायचा तर 100 रुपये हवेत. म्हणजे चार रुपये कमी. डब्यावर सुटले होते 20 रुपये आणि त्याने उचलले 24.

तो बराच वेळ त्या 96 कडे पाहत राहिला.

आपल्याकडे “शेकडा वीस” म्हणतात, दुकानात येणारा कानडी व्यापारी “नूरक्के इप्पत्तु” म्हणतो. दोन्हींत शंभराचा उल्लेख आहे, पण तो शंभर कोणता हे दोन्हींत सांगितलेले नसते. खरेदीचे शंभर की विक्रीचे शंभर? या प्रश्नाला ज्याने त्याने आपापल्या सवयीने उत्तर धरलेले असते. खरेदीच्या किमतीच्या तुलनेत जे चढवले जाते त्याला मार्कअप म्हणतात, आणि विक्रीच्या किमतीतला जो हिस्सा नफा म्हणून उरतो त्याला मार्जिन म्हणतात. रुपये दोन्हीकडे तेच असतात, भागाकार वेगळा असतो. डब्यावरचे 20 रुपये खरेदीच्या 100 च्या तुलनेत 20 टक्के आहेत, पण विक्रीच्या 120 च्या तुलनेत ते 16.67 टक्केच आहेत. विक्रीची किंमत खरेदीपेक्षा मोठी असते, म्हणून नफा असेल तोवर मार्जिन मार्कअपपेक्षा नेहमी लहानच निघते, आणि टक्केवारी जसजशी वाढते तसतसे हे अंतरही वाढत जाते. 5 टक्के मार्कअपचे मार्जिन 4.76 असते, तिथे फरक जाणवत नाही. 50 टक्के मार्कअपचे मार्जिन मात्र 33.33 वर येते.

यांपैकी कोणतेही एक माप चुकीचे नाही. माल हातात असतो, बिल समोर असते, तेव्हा खरेदीवर चढवून भाव ठरवणे हेच सोयीचे. जुने व्यापारी रुपयावर चार आणे चढवत, तेव्हा तो रुपया खरेदीचाच असे. भाडे, पगार, वीज आणि घरची उचल मात्र गल्ल्यातून जातात, म्हणून गल्ल्यातले किती आपले हे कळण्यासाठी मार्जिनच उपयोगी पडते. या दुकानदाराने भाव ठरवताना एक शंभर धरला आणि गल्ला वाटताना दुसरा. सगळे नुकसान या दोन शंभरांच्या मधल्या फटीतून झाले होते.

आता राहिला तो चोरीचा प्रश्न. 120 च्या विक्रीमागे चार रुपये, म्हणजे विक्रीचा तिसावा भाग, तो दर रात्री नकळत भांडवलातून उचलत होता. दहा महिन्यांची विक्री 30,00,000 रुपये, तिचा तिसावा भाग 1,00,000. वहीत शिलकी माल काढतानाही त्याने हीच रीत वापरली होती, म्हणजे विकलेल्या मालाची मूळ किंमत विक्रीच्या 80 टक्के धरली होती. सुरुवातीचा माल 6,00,000, त्यात दहा महिन्यांची खरेदी 24,80,000 मिळवली आणि विकलेला माल म्हणून 24,00,000 वजा केले की 6,80,000 उरतात. मोजदादीत निघाले 5,52,000. फरक 1,28,000. पण विकलेल्या मालाची मूळ किंमत मुळात 24,00,000 नव्हतीच. 30,00,000 ला 1.20 ने भागले तर ती 25,00,000 येते. म्हणजे “चोरीला गेलेल्या” मालापैकी एक लाखाचा माल रीतसर विकला गेला होता, त्याचे पैसे गल्ल्यात आले होते आणि नफा समजून खर्चही झाले होते.

हे पटवून देण्यासाठी त्याच्याच वहीतला एक पुरावा हाताशी आला. दसऱ्याच्या आधी, पाच महिने झाल्यावर, त्याने एकदा माल मोजला होता. तेव्हा विक्री 13,50,000 झाली होती आणि माल 46,000 रुपयांनी कमी भरला होता. आपलीच मोजण्यात गफलत झाली असेल असे समजून त्याने तेव्हा तो विषय सोडून दिला होता. 13,50,000 चा तिसावा भाग 45,000 होतो. चोर कितीही शिस्तीचा असला तरी तो विक्रीच्या तिसाव्या भागाइतकीच चोरी नेमाने करील, हे संभवत नाही. मालाची तूट विक्रीबरोबर ठरावीक प्रमाणात वाढत असेल, तर माणसावर बोट ठेवण्याआधी भागाकार तपासावा. खरी चोरी किंवा मोडतोड सहसा अशी सारख्या चालीने चालत नाही. तिच्यात काही महिने काहीच नसते आणि एखाद्या महिन्यात एकदम खड्डा पडतो.

तरीही 28,000 उरतात, आणि त्यांचाही माग काढणे भाग होते.

दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात, त्याने “सर्व भांड्यांवर 10 टक्के सूट” अशी पाटी दोन्ही भाषांत लावली होती. त्याचा विचार असा होता की 20 टक्क्यांतले 10 गेले तरी 10 उरतात, आणि विक्री वाढली की तेवढ्यात भागते. पण सूट विक्रीच्या किमतीवर कापली जाते आणि चढवलेले 20 टक्के खरेदीच्या किमतीवर असतात, त्यामुळे एकातून दुसरे वजा करताच येत नाही. 120 वर 10 टक्के सूट म्हणजे 12 रुपये. भाव 108 वर आला आणि डब्यामागचा नफा 20 वरून 8 वर आला. निम्मा नव्हे, निम्म्याहूनही कमी. 108 च्या विक्रीत 8 म्हणजे 7.4 टक्के. तेवढेच रुपये मिळवायचे तर अडीचपट माल विकायला हवा होता.

त्या सुटीत 3,00,000 रुपये भावाचा माल 2,70,000 ला गेला. त्या मालाची मूळ किंमत 2,50,000, म्हणून खरा नफा 20,000. सूट दिली नसती आणि तेवढाच माल गेला असता, तर तो 50,000 असता. त्याने मात्र त्या आठवड्यातही नेहमीच्या रीतीने गल्ल्याचे 20 टक्के, म्हणजे 54,000, नफ्याच्या खात्यात टाकले होते. नेहमीच्या भावाने झालेल्या 2,70,000 च्या विक्रीमागे 2,25,000 चा माल जातो, इथे 2,50,000 चा गेला होता. 28,000 पैकी 25,000 रुपये या एका सुटीचे निघाले. उरलेले 3,000 पोचे आलेली पातेली, फुटलेल्या प्लास्टिकच्या बादल्या आणि नातेवाइकांना वहीत न लिहिता दिलेली दोन-तीन भांडी यांत मिळून गेले. दहा महिन्यांच्या दुकानाला एवढी तूट फारशी नाही.

माझ्या दृष्टीने हिशेब दुसऱ्या बाजूनेही जुळणे आवश्यक होते, कारण एका बाजूने जुळलेला हिशेब योगायोगानेही जुळू शकतो. दहा महिन्यांत गल्ला 30,00,000, त्यातून खर्च आणि उचल 6,00,000, म्हणजे खरेदीसाठी 24,00,000 उरले. खरेदी झाली 24,80,000. वरचे 80,000 ते व्यापाऱ्यांचे देणे. माल 6,00,000 वरून 5,52,000 वर आला, म्हणजे 48,000 ने घटला. 80,000 आणि 48,000 मिळून 1,28,000. गल्ला मोजून झाल्यावर पैसा चोरीला गेला असता तर तो या बेरजेत कुठेही सापडला नसता. येथे शेवटच्या रुपयापर्यंत तो सापडत होता.

दुकानदार म्हणाला, “म्हणजे मीच नेला.” मी त्यावर काही बोललो नाही. पोराला त्याने आधीच काही सुनावले होते का, हे विचारण्याची मला इच्छा झाली नाही, पण ते मला नंतर कळले. त्याने सुनावले नव्हते, मात्र आठ दिवस गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे दिली नव्हती, आणि पोराच्या ते लक्षात आलेच होते.

भाव नव्याने ठरवताना पहिला प्रश्न असा होता की दुकानाला हवे किती. खर्च आणि उचल 60,000, विक्री 3,00,000, म्हणजे विक्रीवर 20 टक्के मार्जिन हवे. विक्रीवर 20 टक्के हवे असतील तर विक्रीच्या शंभरात खरेदीचे 80 असले पाहिजेत, म्हणून खरेदीला 0.80 ने भागायचे.

360 ÷ 0.80 = 450

ते पातेले 432 ऐवजी 450 ला विकले तरच 90 रुपये, म्हणजे 450 चे 20 टक्के, हातात राहतात. हाच हिशेब कागदाशिवाय करायचा तर अपूर्णांकांची एक सोपी वाट आहे, आणि मी नव्या दुकानदारांना तीच सांगतो. विक्रीच्या पाच भागांतला एक भाग नफा हवा असेल, तर खरेदीचे चार भाग झाले, म्हणून खरेदीच्या चौथाईइतके चढवावे. विक्रीच्या चार भागांतला एक हवा असेल, तर खरेदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. तिनांतला एक हवा असेल, तर खरेदीच्या निम्मे. हवा असलेला हिस्सा जितक्यावा असेल, त्याच्या एक कमी आकड्याने खरेदीला भागून ते खरेदीत मिळवायचे, एवढेच ध्यानात राहिले तरी भाव चुकत नाही. टेंपो आणि हमाली त्याने खर्चात धरली होती, ती तिथेच राहू दिली. ती मालाच्या किमतीत मिळवली तरी चालते, पण दोन्हीकडे धरू नये आणि दोन्हीकडून सोडूही नये.

सगळा माल एकदम चौथाई चढवून विकता येईल, असे मात्र नव्हते. पातेली, डबे, परात, कळशी यांचा भाव लोकांना ठाऊक असतो. स्टील वजनावर घेतले जाते आणि बेळगावला जाऊन आलेली माणसे किलोचा दर सांगतात. अशा मालावर 432 चे 450 केले की ग्राहक पुढच्या दुकानात जातो. याउलट किसणी, गाळणी, उलथने, झारा, चमच्यांचे जुडगे या वस्तूंचा भाव कोणी लक्षात ठेवत नाही. 30 रुपयांची गाळणी 36 ला विकून सहा रुपये मिळवणे आणि तेवढ्यासाठी ती कागदात गुंडाळून देणे, ही त्याची सर्वांत भाबडी गोष्ट होती, असे माझे मत आहे. ती 45 ला सहज जात होती.

म्हणून मालाचे गट पाडले. भाव ठाऊक असलेल्या मालाची विक्री महिन्याला साधारण 1,50,000 धरली आणि तिथे जुनेच 16.67 टक्के मार्जिन ठेवले, म्हणजे 25,000 रुपये. आहेराचे संच, ताटे, तांब्याचे लोटे अशा मालाची 1,00,000 ची विक्री, 25 टक्के मार्जिनने, म्हणजे 25,000. किरकोळ वस्तूंची 30,000 ची विक्री, तिनांतला एक भाग मार्जिनने, म्हणजे 10,000. एकूण 2,80,000 च्या विक्रीत 60,000. हे मार्जिन 21.4 टक्के होते. इथे एक खाच आहे. 16.67, 25 आणि 33.33 या तीन आकड्यांची नुसती सरासरी 25 येते आणि ती पाहून माणूस खूश होतो, पण ज्या मालाचा गल्ल्यातला वाटा मोठा, त्याचे मार्जिन सरासरीला आपल्याकडे, इथे खाली, ओढते. म्हणून टक्क्यांची सरासरी काढू नये. रुपयांची बेरीज करून मग भागावे.

याच सुमारास दोन माणसे त्याच्याकडे माल ठेवण्यासाठी आली होती आणि दोघांचे बोलणे त्याने वहीत लिहून ठेवले होते. कुकर कंपनीचा सेल्समन म्हणाला होता, “पंधरा टक्के सुटतात.” प्लास्टिकचा घाऊक व्यापारी म्हणाला होता, “अठरा टक्के सुटतात.” दुकानदाराचा कल अर्थातच अठराकडे होता. मी त्याला दोघांनाही फोन करून एवढेच विचारायला सांगितले की टक्के कशावर. सेल्समनचे पंधरा टक्के छापील किमतीवर होते, म्हणजे 2,000 रुपये एमआरपीचा कुकर तो 1,700 ला देणार होता. 300 रुपये विक्रीच्या 15 टक्के, पण खरेदीच्या 17.65 टक्के. व्यापाऱ्याचे अठरा टक्के खरेदीवर होते, म्हणजे 100 चा माल 118 ला विकावा असे तो सुचवत होता, आणि 118 मध्ये 18 म्हणजे 15.25 टक्के. पंधरा आणि अठरा हे आकडे बोलण्यात तीन टक्क्यांनी दूर होते, प्रत्यक्षात ते जवळजवळ एकच होते. फरक असला तर इतर गोष्टींचा होता. कुकर एमआरपीच्या वर विकता येत नाही आणि ग्राहक त्यातही सूट मागतो. प्लास्टिकचा भाव दुकानदाराच्या हातात असतो, पण माल जागा फार अडवतो.

कुकर त्याने थोडे ठेवले, महिन्याला 20,000 च्या विक्रीपुरते. एमआरपीवर तीन टक्क्यांहून जास्त सूट द्यायची नाही, असे ठरवले. 2,000 चा कुकर 1,940 ला गेला की 300 चे 240 होतात, आणि तीन टक्के सूट म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा, हे आता त्याला स्वतःला काढता येत होते.

राहिली रोजच्या पडताळणीची सोय. बिल करताना प्रत्येक वस्तूची खरेदीची किंमत समोर असल्याशिवाय रात्रीचा नफा खरा निघत नाही, आणि ती ग्राहकाला दिसूही नये. जुन्या दुकानदारांची रीत येथे उपयोगी पडली. एकही अक्षर पुन्हा न येणारी दहा अक्षरे निवडायची, प्रत्येक अक्षराला एक अंक द्यायचा आणि वस्तूच्या बुडाशी खरेदीची किंमत त्या अक्षरांत लिहायची. पोराने दोन आठवड्यांत सगळ्या मालावर ती लिहून काढली. रोजमेळात आता दोन रकाने आहेत, विक्री आणि त्या मालाची खरेदी. रात्री दोन्हींची बेरीज करून वजाबाकी करतात. जे उरते तेवढेच नफ्याच्या खात्यात जाते, ठरावीक टक्के नव्हे. गल्ल्याने भागून टक्का काढतात तो फक्त पाहण्यासाठी. तो 18 च्या खाली सलग आठवडाभर राहिला तर कुठे सूट जास्त दिली गेली, किंवा घाऊक भाव वाढूनही जुना भाव चालू राहिला, हे शोधायचे. घाऊक भाव वाढल्यावर दुकानातला जुना माल जुन्याच भावाने विकत राहणे हा मार्जिन गळण्याचा दुसरा रस्ता आहे, कारण रिकामी झालेली फळी नव्या भावानेच भरावी लागते.

पहिल्या तीन महिन्यांचे आकडे योजनेइतके चांगले आले नाहीत. विक्री सरासरी 2,90,000 वर आली आणि नफा 57,000 मिळाला, म्हणजे 19.66 टक्के. आहेराच्या संचांवर ग्राहक घासाघीस करतात आणि 25 टक्के हातात राहत नाहीत, हे तिथे दिसून आले. नावे घालण्याचे पैसे घ्यावेत असे मी सुचवले होते, पण शेजारचा दुकानदार फुकट घालून देतो म्हणून त्याने ते मानले नाही, आणि त्यात त्याचेच बरोबर असावे. 57,000 मध्ये 60,000 चा खर्च बसत नव्हता, म्हणून घरची उचल 24,000 वरून 19,000 वर आणली. त्यामुळे महिन्याला 2,000 रुपये उरू लागले.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा माल मोजला, तेव्हा खरेदीच्या रकान्याप्रमाणे असायला हवा त्यापेक्षा तो 1,900 रुपयांनी कमी भरला. त्यांपैकी 1,200 ची एक पोचा आलेली परात आणि दोन झाकणे पोराने स्वतःच काढून दाखवली. 700 चा पत्ता लागला नाही, ते तुटीत लिहिले. गल्ल्याची किल्ली दुपारच्या जेवणाच्या वेळी पुन्हा पोराकडे असते.

मागचे 1,28,000 मात्र अजून भरून यायचे आहेत. महिन्याला 2,000 या चालीने त्याला 64 महिने लागतील. घाऊक व्यापाऱ्यांनी 80,000 च्या देण्याला सहा महिन्यांची मुदत दिली आहे. त्यासाठी पडून राहिलेला जुना माल खरेदीच्या भावाने काढून टाकायचा की भावाकडून हातउसने घ्यायचे, यावर आमचे बोलणे सध्या चालू आहे.